भाषणातलं वाक्य एका श्वासात बसतं का? सिद्धगडच्या भाषणातल्या एका वाक्याची मोजणी

५७ शब्द, एकही स्वल्पविराम नाही आणि क्रियापद कानावर पडायला २२ सेकंद. कागदावर भारदस्त दिसणारं वाक्य माईकसमोर का अडखळतं आणि ते आधीच कसं ओळखायचं, हे एका उदाहरणातून पाहू.

दरवर्षी २ जानेवारीला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर माणसं जमतात. १९४३ साली याच दिवशी इथल्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यानिमित्त आसपासच्या शाळा-कॉलेजांत आणि गावागावांत भाषणं होतात. विद्यार्थी बोलतात, शिक्षक बोलतात, सरपंच बोलतात. आयोजकांनी दिलेली वेळ बहुतेकदा तीन किंवा पाच मिनिटं असते. त्याआधीच्या आठवड्यात मुरबाड-शहापूरकडच्या कितीतरी घरांत भाषणाचा मसुदा मोबाइलवर टाइप होत असतो.

मसुद्यातली माहिती बहुधा बरोबर असते. गडबड होते ती वाक्यांच्या लांबीत. आपण भाषण लिहितो डोळ्यांसाठी, पण ते जातं कानांत. डोळा मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचू शकतो. कानाला ती सोय नाही.

हे वाक्य पाहा

अशा भाषणांमध्ये हमखास सापडणाऱ्या धाटणीचं एक वाक्य उदाहरणासाठी तयार केलं आहे. पुढे वाचण्याआधी ते एकदा उभं राहून, मोठ्यानं वाचा.

«माथेरानमध्ये १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले आणि वकिलीचं शिक्षण घेऊनही व्यवसायापेक्षा गोरगरीब शेतकऱ्यांच्या प्रश्नांना वाहून घेतलेले विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी १९४२च्या चले जाव चळवळीत आझाद दस्त्याची उभारणी करून वीजवाहक तारांचे मनोरे पाडण्याच्या कारवाया केल्या आणि २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांशी झालेल्या चकमकीत त्यांना व त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना वीरमरण आले.»

व्याकरणात चूक नाही. निबंधात या वाक्याला कुणी लाल रेघ मारणार नाही. पण वाचताना तुमचा श्वास कुठेतरी मध्येच तुटला असेल, बहुधा ‘आझाद दस्त्या’च्या आसपास किंवा त्याही आधी. तो नेमका कुठे तुटणार, हे मोजून सांगता येतं.

शब्द नव्हे, अक्षरं मोजा

भाषणाची लांबी मोजायची म्हटली की आपण शब्द मोजतो. इंग्रजीत मिनिटाला साधारण १३० शब्द असा हिशेब सांगितला जातो. तोच मराठीला लावला तर वरचं वाक्य २६ सेकंदांत संपायला हवं. ते संपत नाही, कारण मराठी शब्द प्रत्यय पोटात घेऊन येतो. ‘शेतकऱ्यांच्या’ किंवा ‘सिद्धगडाच्या’ हा आपल्याकडे एकच शब्द आहे, इंग्रजीत तिथे दोन-तीन सुटे शब्द लागतील.

दुसरी गोची आकड्यांची. कागदावर ‘१९४३’ म्हणजे चार खुणा आणि एक शब्द. तोंडातून मात्र ‘एकोणीसशे त्रेचाळीस’ बाहेर पडतं, म्हणजे नऊ अक्षरं. वरच्या वाक्यात साल तीनदा आलं आहे. ‘मा.’, ‘अ‍ॅड.’, ‘जि. प.’ यांचंही तसंच. लिहायला छोटे, उच्चारायला लांब. म्हणून तपासणी सुरू करण्याआधी मसुद्यातले सगळे आकडे आणि संक्षेप अक्षरांत लिहून काढायचे. यानं आणखी एक गोष्ट साधते. ऐनवेळी ‘त्रेचाळीस की चौतीस’ असं चाचपडावं लागत नाही.

मग मोजायचं काय? अक्षरं. इथे अक्षर म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा. ‘दस्त्याची’ या शब्दात द, स्त्या, ची अशी तीन अक्षरं. मोबाइल किंवा लॅपटॉपचा कॅरेक्टर काउंट इथे कामाचा नाही. संगणक मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगळे धरतो, त्यामुळे याच शब्दाला तो ९ म्हणेल. बोटांवर मोजलेलं बरं. ‘करताना’ लिहिताना चार अक्षरं दिसतात आणि बोलताना तीनच ऐकू येतात, हे खरं आहे. पण वेग आणि वाक्य दोन्ही एकाच पट्टीनं मोजले तर या फरकानं हिशेब बिघडत नाही.

तुमचा वेग किती, हे एकदाच काढून ठेवा. मसुद्यातली मोजलेली ३०० अक्षरं समारंभात बोलाल त्या आवाजात वाचा आणि स्टॉपवॉच लावा. ५० सेकंद लागले तर वेग झाला सेकंदाला ६ अक्षरं. पुढचा सगळा हिशेब याच वेगानं केला आहे. घाईनं बोलणाऱ्याचा आकडा जास्त येईल, सावकाश बोलणाऱ्याचा कमी.

आता आपलं वाक्य. आकडे अक्षरांत लिहिल्यावर त्यात एकूण २०६ अक्षरं होतात. म्हणजे न थांबता वाचलं तर ३४ सेकंद.

एका श्वासात किती बसतं?

गप्पा मारताना आपण साधारण तीन ते पाच सेकंद बोलतो आणि नकळत श्वास घेतो. छाती भरून घेतली तर कुणीही याहून लांब जाईल, पण तेव्हा वाक्याच्या शेवटी आवाज पातळ होतो. समारंभात तर आवाज चढवून बोलायचं असतं, त्यात हवा जास्त खर्च होते. त्यात मनात धाकधूक असते आणि छाती वरवर श्वास घेत असते. जानेवारीतल्या सकाळचा गारठा असला तर आणखीच. म्हणून पाच सेकंद ही मर्यादा धरा. सेकंदाला ६ अक्षरं या वेगानं एका श्वासात ३० अक्षरं. लहान मुलांसाठी वीसच धरा, त्यांची छाती लहान असते.

२०६ला ३०नं भागलं की सात तुकडे येतात. मध्ये सहा वेळा श्वास घ्यावाच लागणार. पण वाक्यात विराम एकही नाही, म्हणजे लिहिणाऱ्यानं श्वासासाठी जागाच ठेवलेली नाही. मग वक्ता हवा संपेल तिथे थांबतो. ‘गोरगरीब’ म्हणून थांबतो आणि ‘शेतकऱ्यांच्या’ पुढच्या श्वासात येतं. ‘हिराजी पाटील’ म्हणून थांबतो आणि ‘यांना वीरमरण आले’ सुटं पडतं.

मराठीत कुठे तोडायचं आणि कुठे नाही, याचा अंदाज कानाला असतोच. ‘करून’, ‘असताना’, ‘की’ यांच्यानंतर आणि ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’ यांच्या आधी श्वास सहज बसतो. नाव आणि ‘यांनी’, आकडा आणि वस्तू, विशेषण आणि नाम यांच्यामध्ये तो घेतला की ऐकणारा दचकतो.

खरी अडचण क्रियापदाची

श्वासाचं एक वेळ निभावता येईल. सराव केलेले वक्ते चोरून श्वास घेतात. पण या वाक्यात ऐकणाऱ्याची जी परवड होते, तिच्यावर सरावाचा इलाज नाही.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. आधी कोण, कुठे, कधी, कसा, कुणासोबत आणि सगळ्यात शेवटी काय केलं. छोट्या वाक्यात ही रचना छान चालते. वाक्य लांबलं की ऐकणारा सगळं सामान हातात धरून उभा राहतो, कारण ते ठेवायचं कुठे हे क्रियापद आल्याशिवाय कळत नाही.

आपल्या वाक्यात ‘विठ्ठल’ हा शब्द येण्याआधी ६४ अक्षरं निघून जातात. म्हणजे जवळपास ११ सेकंद समोरच्यांना कुणाबद्दल बोलणं चाललंय तेच ठाऊक नाही. पहिलं मुख्य क्रियापद ‘केल्या’ येतं १३३व्या अक्षरापर्यंत, म्हणजे २२ सेकंदांनी. मागच्या रांगेतल्या मुलानं तोवर चप्पलनं मातीत रेघा ओढायला सुरुवात केलेली असते. त्याचा दोष नाही.

यातच एक छुपा धोका आहे. हवा संपत आली की आवाज वाक्याच्या शेपटाकडे पडतो आणि मराठीत नेमकं शेपटातच क्रियापद असतं. नकारही तिथेच. ‘हा लढा आपण विसरणार नाही’ यातलं ‘नाही’ पुटपुटलं गेलं, तर माईकमधून बाहेर पडलं ते ‘हा लढा आपण विसरणार’! इंग्रजीत नकार बहुतेकदा वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात येऊन जातो, म्हणून तिथे इतकी जोखीम नसते. मराठी मसुदा तपासताना ‘नाही’, ‘नव्हते’, ‘नको’ यांनी संपणारी वाक्यं वेगळी काढा आणि ती ३० नव्हे, वीस अक्षरांच्या आत आणा.

आता तेच वाक्य मोडून

माहितीचा गाभा तोच, पण एका वेळी एकच गोष्ट सांगायची. नाव आधी, बाकीचं मागून. आणि जिथे सभा भरली आहे तिथल्या माणसांना जे माहीत आहे ते गाळायचं. सिद्धगडावर उभं राहून ‘मुरबाड तालुक्यातील’ म्हणण्यात काय हशील?

«भाई कोतवाल माथेरानचे.
जन्म एकोणीसशे बाराचा.
शिकले वकिली, पण उभे राहिले शेतकऱ्याच्या बाजूनं.
बेचाळीसची चळवळ आली.
त्यांनी आझाद दस्ता उभा केला.
दस्त्यानं विजेचे मनोरे पाडले.
दोन जानेवारी एकोणीसशे त्रेचाळीस.
सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं.
त्या गोळीबारात भाई हुतात्मा झाले, आणि त्यांच्यासोबत हिराजी पाटीलही.»

यात ४३ शब्द आणि १३६ अक्षरं आहेत. सगळ्यात लांब ओळ शेवटची, ती २७ अक्षरांची. बोलायला २३ सेकंद लागतात. शेवटचा सोडून प्रत्येक पूर्णविरामाला एक सेकंद आणि स्वल्पविरामाला अर्धा सेकंद धरला तर एकूण ३२. मूळ वाक्याला सहा चोरट्या श्वासांसकट साधारण ३७ सेकंद लागत होते. म्हणजे वेळेत फार मोठा फरक पडला नाही. फरक पडला तो शांततेत. आधीची शांतता हवेसाठी धडपडताना आली होती, आताची तुम्ही ठरवून ठेवली आहे.

पूर्णविरामाला पूर्ण सेकंद कशाला, असं वाटेल. त्याचं एक कारण भोंग्यात आहे. मोकळ्या मैदानात दोन भोंगे शंभर मीटर अंतरावर लावले, तर एका भोंग्याजवळ बसलेल्याला दुसऱ्याचा आवाज सुमारे ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो, कारण आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. ६ अक्षरांच्या वेगात ०.३ सेकंद म्हणजे दोन अक्षरं एकमेकांवर चढली. समोर डोंगर असेल तर त्याचा पडसाद आणखी उशिरा येतो. वाक्य संपवून थांबलात की मागचा आवाज विरतो आणि पुढचं वाक्य कोऱ्या कानांवर पडतं.

सगळीच वाक्यं छोटी केली तर?

मग भाषण रेल्वेच्या घोषणेसारखं होतं. या बाबतीत लोक दुसऱ्या टोकाला जातात. ‘ते वकील होते. ते निर्भय होते. ते शेतकऱ्यांचे कैवारी होते.’ तिन्ही वाक्यं एका श्वासात बसतात आणि तरी ऐकवत नाहीत. क्रियापद शेवटी असल्यानं मराठीत सलग छोट्या वाक्यांचे शेवट एकसारखे येतात. ‘होते-होते-होते’, ‘केले-केले-केले’ असा ठेका लागला की कान अर्थ ऐकणं सोडतो.

तपासायला सोपं आहे. मसुद्यातल्या प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द क्रमानं मोठ्यानं वाचा. आपल्या नमुन्यात ही यादी अशी येते: माथेरानचे, बाराचा, बाजूनं, आली, केला, पाडले, त्रेचाळीस, गाठलं, पाटीलही. एकच शब्द लागोपाठ आलेला नाही. यासाठी दोन-तीन साध्या गोष्टी केल्या आहेत. ‘माथेरानचे’, ‘बाराचा’, ‘त्रेचाळीस’ या ओळींना क्रियापदच नाही, बोलण्यात ते चालतं. ‘शिकले वकिली’मध्ये क्रियापद पुढे ओढलं. आणि शेवटच्या वाक्यात नाव शेवटी ठेवलं, म्हणजे सभेच्या कानात उरतं ते हिराजी पाटलांचं नाव. मूळ वाक्यात ते ‘यांना वीरमरण आले’खाली दबलं होतं.

लांबीही पाहा: ११, १०, २१, ११, ११, १२, १५, १८, २७. दोन-तीन आखूड वाक्यांनंतर एखादं लांब येतं आणि तारखेपासून पुढे वाक्यं हळूहळू वाढत जातात. हा चढ प्रसंगाला साजेसा आहे. माझ्या मते शेवटाकडे थोडं लांब वाक्य ठेवावंच, फक्त त्यात मधोमध श्वासाची जागा हवी. इथे ती ‘झाले’नंतरच्या स्वल्पविरामाला आहे.

मोबाइलच तुमची मोजपट्टी

प्रत्येक ओळीची अक्षरं मोजत बसणं कंटाळवाणं आहे, हे मान्य. त्यावर एक युक्ती. नोट्स अ‍ॅपमध्ये मोजलेली ३० अक्षरांची एक ओळ टाइप करा. फोन आडवा धरा आणि ती ओळ स्क्रीनवर जेमतेम बसेल इतका फॉन्ट ठेवा. आता त्याच फॉन्टमध्ये भाषण लिहा आणि प्रत्येक श्वासाला एंटर मारा. जी ओळ स्क्रीनवर मावत नाही आणि खाली घरंगळते, ती एका श्वासाला जड. अंदाजच हा, पण कामापुरता नेमका.

ओळी तोडून लिहिण्याची ही पद्धत नवी नाही. ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांच्या भाषणांच्या अंतिम प्रती त्यांच्या टायपिस्ट अशाच तुटक, पायऱ्यांसारख्या ओळींत टाइप करत. ती मांडणी दिसायला बायबलमधल्या स्तोत्रांसारखी, म्हणून तिला नावही तसंच पडलं होतं. बोलताना कागदावर नजर टाकली की पुढचा श्वास कुठे घ्यायचा ते दिसायचं.

मग रेकॉर्डिंग. फोन टेबलावर ठेवा, त्याच्यापासून दहा पावलं लांब जा आणि उभं राहून वाचा. बसून, तोंडाजवळ फोन धरून केलेलं रेकॉर्डिंग फसवं असतं, त्यात कुजबुजही स्पष्ट ऐकू येते. ऐकताना मसुदा समोर ठेवा आणि जिथे न ठरवलेला श्वास ऐकू आला तिथे पेन्सिलनं उभी रेघ मारा. जिथे शेवटचा शब्द ऐकू आला नाही तिथे गोल करा. त्याच जागी दोनदा अडखळलात, तर पुन्हा पाठ करत बसू नका. ते वाक्यच बदला. ‘वीजवाहक’ हा शब्द असाच अडतो, म्हणून नमुन्यात तो ‘विजेचे’ झाला. लिहिताना ‘त्यांचे’ आणि बोलताना ‘त्यांचं’ अशीही धरसोड होते. घरी जे बोलता तेच आधीपासून लिहा.

तीन मिनिटांत बसवायचं कसं?

मोडलेल्या नमुन्यात ४३ शब्दांना ३२ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला ८० शब्द. याच चालीनं तीन मिनिटांच्या भाषणाला २४० शब्द पुरतात. बहुतेक मसुदे चारशेच्या पुढे असतात.

आणि या २४० मधूनही सुरुवातीचं अभिवादन वजा करावं लागतं. ‘तालुका पंचायत समितीचे माननीय माजी सभापती’ ही एवढी पदवीच २१ अक्षरांची आहे. पुढे नाव धरलं की एका पाहुण्याला पाच सेकंद. व्यासपीठावर आठ जण असतील तर ४० सेकंद गेले, म्हणजे तीन मिनिटांतला पाचवा हिस्सा. सूत्रसंचालकानं हीच नावं आधी घेतलेली असतात. ‘व्यासपीठावरील मान्यवर आणि जमलेल्या माझ्या गावकऱ्यांनो’ एवढ्यावर भागत असेल तर भागवावं. पण काही ठिकाणी नाव सुटलं की रुसवे होतात, हेही खरं. तिथे नावं घ्या, फक्त ती वेळेच्या हिशेबात धरा आणि मजकूर तेवढा कापा.

कापताना प्रत्येक वाक्यातून एक-एक शब्द काढत बसू नका, त्यानं वाक्यं लंगडी होतात. एखादा अख्खा मुद्दा काढा. कोतवालांवरच्या तीन मिनिटांत जन्म, शिक्षण, माथेरानमधलं काम, आझाद दस्ता आणि सिद्धगड हे पाचही मावणार नाहीत. सिद्धगडावर बोलताय, तर दस्ता आणि दोन जानेवारी ठेवा. माथेरानच्या शाळेत बोलत असाल, तर निवड वेगळी होईल.

ही ३० अक्षरांची पट्टी सगळीकडे लावू नये. गोष्ट सांगताना, संवाद म्हणून दाखवताना किंवा घरच्या लग्नात, साखरपुड्यात चार शब्द बोलताना माणूस मोकळा असतो. तिथे वाक्य लांबलं तरी समोरचे चेहरे पाहून सावरता येतं. ही मोजणी लागते ती कागद हातात धरून, माईकवर, अनोळखी गर्दीसमोर बोलताना. त्या दिवशी कागदावर भाषण घेणार असाल तर मोठ्या टाइपात, पानाच्या एकाच बाजूला छापा. पान संपेल तिथे वाक्यही संपू द्या, म्हणजे पान उलटायला लागणारा वेळ पूर्णविरामाच्या शांततेत जातो.